विकलेल्या कॉलचं हेजिंग: शेअर किती ठेवायचे आणि गॅमाचं काय करायचं

प्रश्न: मॅडम, मी हिंजवडीत नोकरी करतो. एका शेअरचे १००० स्ट्राइकचे दोन लॉट कॉल विकलेत. लॉट ५०० चा आहे, भावही सध्या १००० च आहे आणि एक्सपायरीला ३० दिवस आहेत. स्क्रीनवर डेल्टा ०.५४ दिसतो. हेज करायला नक्की किती शेअर घ्यायचे, ५४२ की पूर्ण १०००? आणि गॅमापण हेज करायचा म्हणतात, मग त्यासाठी अजून किती शेअर लागतील?

उत्तर: आजच्या भावाला ५४२ शेअर. आणि गॅमासाठी एकही शेअर नाही, कारण शेअर कितीही घेतले तरी गॅमा हलत नाही. त्यासाठी दुसरा ऑप्शन विकत घ्यावा लागतो, आणि तो घेतला की ५४२ हा आकडाही बदलतो. तुमच्या पोझिशनमध्ये तो २५९ च्या आसपास येतो. हे कसं, ते सविस्तर सांगते.

आधी आकडे कुठून आले ते बघू. मी आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या किमतीत धरलेली शेअरची वार्षिक हालचाल, २५ टक्के आणि व्याजदर ६ टक्के धरलाय आणि मधल्या काळात डिव्हिडंड नाही असं मानलंय. आपल्याकडे शेअरचे ऑप्शन जानेवारी २०११ पासून युरोपियन पद्धतीचे आहेत, म्हणजे एक्सपायरीच्या आधी कोणी तुमच्याकडे येऊन शेअर मागू शकत नाही. त्यामुळे ब्लॅक-शोल्सचं साधं सूत्र इथे चालतं. एक्सेलमध्ये एवढंच लिहायचं, फक्त अक्षरांच्या जागी त्या त्या आकड्याचा सेल घालायचा:

```
d1    = (LN(S/K)+(r+sigma^2/2)*T)/(sigma*SQRT(T))
delta = NORM.S.DIST(d1,TRUE)
gamma = NORM.S.DIST(d1,FALSE)/(S*sigma*SQRT(T))
```

`S` म्हणजे शेअरचा भाव, `K` म्हणजे स्ट्राइक, `r` म्हणजे व्याजदर, तो ०.०६ असा घालायचा. `T` वर्षात घालायचा, म्हणजे ३० भागिले ३६५. `sigma` म्हणजे आयव्ही, ती ०.२५ घालायची, २५ नाही. असं केलं की कॉलची किंमत ३१.०४ रुपये, डेल्टा ०.५४१७ आणि गॅमा ०.००५५ येतो. तुम्ही १००० कॉल विकलेत, म्हणून डेल्टा उणे ५४२ शेअरचा आणि गॅमा उणे ५.५ चा. दोन्ही आकडे शेअरच्या भाषेत वाचायची सवय लावून घ्या. भाव एक रुपया वाढला तर आत्ता तुमचे ५४२ रुपये जातात, आणि पुढच्या रुपयाला त्याहून साडेपाच रुपये जास्त जातात. गॅमा म्हणजे तो साडेपाचाचा आकडा.

आता १००० की ५४२. पूर्ण १००० शेअर घेऊन ठेवणं म्हणजे कव्हर्ड कॉल. त्यात वाईट काही नाही, पण ते हेजिंग नाही. १००० शेअरचा डेल्टा १०००, विकलेल्या कॉलचा उणे ५४२, शिल्लक अधिक ४५८. म्हणजे भाव पडला तर तुम्ही ४५८ शेअर धरून बसलेल्या माणसासारखे आहात. कव्हर्ड कॉलचं गणित मांडून पाहिलंत तर ते त्याच स्ट्राइकचा पुट विकल्यासारखंच निघतं. शेअर तुम्हाला तसाही आवडत असेल, पाच वर्षं ठेवायचा असेल, तर जरूर १००० ठेवा. पण भावाच्या दिशेवर मत नसेल आणि फक्त प्रीमियमचा क्षय कमवायचा असेल, तर ५४२. या दोन वेगळ्या इच्छा आहेत, आणि किती शेअर घ्यायचे हे इच्छा कोणती यावर ठरतं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी बरेच जण १००० शेअर घेऊन ‘मी हेज्ड आहे’ म्हणतात आणि भाव पडला की गोंधळतात.

५४२ शेअर कॅशमध्ये घ्यायला साडेपाच लाखांच्या जवळ पैसे अडकतात. त्याऐवजी एक लॉट फ्युचर आणि वर ४२ शेअर असंही करता येतं. फ्युचरचा डेल्टा शेअरपेक्षा किंचित जास्त असतो, पण महिनाभराच्या अंतराला तो फरक अर्ध्या टक्क्याचा, म्हणजे ५०० शेअरमागे दोन-तीन शेअरचा. सोडून द्या. फक्त फ्युचरचा तोटा रोजच्या रोज खात्यातून रोखीने जातो आणि विकलेल्या कॉलचा फायदा तसा रोख हातात येत नाही, म्हणून मार्जिनला मोकळी रक्कम ठेवा.

तर ५४२ शेअर घेतले. पुढच्या दिवशी काय होतं? आयव्ही तीच राहिली असं धरून मी तीन शक्यता मांडल्या.

भाव जागेवरच राहिला, १०००. कॉल ३१.०४ वरून ३०.४८ ला आला, म्हणजे १००० कॉलवर साधारण ५६० रुपये मिळाले. शेअरमध्ये अडकलेल्या पैशाचं एका दिवसाचं व्याज साधारण ८४ रुपये वजा केलं की हातात ४८० च्या आसपास राहिले. ही तुमची रोजची कमाई.

भाव १०४० झाला. कॉल ५६.३८ ला गेला. कॉलवर २५,३३१ रुपये तोटा, ५४२ शेअरवर २१,६८० फायदा. निव्वळ तोटा सुमारे ३,६५०, व्याज वेगळं.

भाव ९६० झाला. कॉल १३.३७ ला आला. कॉलवर १७,६७१ फायदा, शेअरवर २१,६८० तोटा. निव्वळ तोटा सुमारे ४,०००.

दोन्ही बाजूंना तोटाच झाला, हे नीट बघा. डेल्टा हेज बरोबर केलेलं असूनही. वर जाताना कॉलचा डेल्टा वाढत जातो आणि ५४२ शेअर कमी पडतात. खाली येताना डेल्टा घटतो आणि तेच ५४२ शेअर जास्त होतात. या तोट्याचा अंदाज एका ओळीत येतो: अर्धा गुणिले गॅमा गुणिले भावातल्या फरकाचा वर्ग. अर्धा गुणिले ५.५४ गुणिले १६०० म्हणजे सुमारे ४,४३०, त्यातून दिवसाचा क्षय वजा जाता ३,९०० च्या आसपास. प्रत्यक्ष आकडे ३,६५० आणि ४,००० आले. अंदाज आणि प्रत्यक्ष यांत थोडा फरक राहतोच, कारण गॅमा स्वतःही भावाबरोबर बदलतो.

‘वर्ग’ हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा आहे. भाव दुप्पट हलला तर तोटा साधारण चौपट होतो. ४० ऐवजी १०० रुपयांचा गॅप आला तर हेच ५४२ शेअर हातात असताना वरच्या बाजूला सुमारे २२,१०० आणि खालच्या बाजूला २५,५०० रुपये जातात. रोजची कमाई ४८०. म्हणजे एका वाईट सकाळी महिन्याभराच्या कमाईपेक्षा जास्त गेलं.

याच सूत्राला उलटं फिरवलं की तुमच्या रोजच्या कामाचा आकडा मिळतो. व्याज जाऊन राहिलेला दिवसाचा क्षय आणि गॅमाचा तोटा कुठे बरोबरीत येतात? इथे ते साधारण १३ रुपयांवर येतात. शेअर दिवसाला १३ रुपयांच्या आत हलला तर तुम्ही कमावता, बाहेर गेला तर गमावता. तेरा हा आकडा वेगळ्याने लक्षात ठेवायचीही गरज नाही: २५ टक्के आयव्ही भागिले ३६५ चं वर्गमूळ, त्याचे १००० रुपयांवर १३ येतात. म्हणजे कॉल विकून डेल्टा हेज करणारा माणूस खरं तर एकाच गोष्टीवर पैज लावत असतो: प्रत्यक्ष हालचाल आयव्हीने सांगितलेल्या हालचालीपेक्षा कमी असेल. दिशा हेजमध्ये गेली, उरली ती हालचाल.

हेज नव्याने करायचं म्हणजे काय, तेही याच आकड्यांत दिसतं. १०४० ला नवा डेल्टा ०.७४५, म्हणजे ७४५ शेअर हवेत. २०३ शेअर अजून घ्या, १०४० च्या भावाने. दुसऱ्या दिवशी भाव परत १००० ला आला तर डेल्टा पुन्हा ०.५४, म्हणजे ते २०३ शेअर विका, १००० ने. चाळीस रुपये गुणिले २०३, म्हणजे ८,१२० रुपये या एका फेरीत गेले. वर शेअर डिलिव्हरीवर खरेदी-विक्री दोन्हीकडे ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे अशा फेरीला चारशेहून जास्त रुपये नुसता तो. महाग घेऊन स्वस्तात विकणं हे शॉर्ट गॅमाचं रोजचं काम आहे. नवा माणूस इथे घाबरतो आणि ‘आता परत येईलच’ म्हणून ते २०३ शेअर घेत नाही. त्या क्षणी तो हेजर राहिलेला नसतो, त्याने २०३ शेअर शॉर्ट केलेले असतात.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. शेअरचा डेल्टा नेहमी १. भाव काहीही झाला तरी १ च. जो बदलतच नाही त्याचा गॅमा शून्य, फ्युचरचंही तेच. म्हणून उणे ५.५ गॅमा भरून काढायला ज्याचा डेल्टा बदलतो असंच काहीतरी घ्यावं लागतं, म्हणजे विकत घेतलेला कॉल किंवा पुट.

समजा तुम्ही त्याच एक्सपायरीचा १०५० चा कॉल बघितला. आयव्ही सोयीसाठी २५ च धरू, प्रत्यक्षात प्रत्येक स्ट्राइकची थोडी वेगळी असते आणि तीच घालायची. किंमत १२.१२ रुपये, डेल्टा ०.२८२३, गॅमा ०.००४७. गॅमा शून्य करायला किती हवेत? ५.५३६ भागिले ०.००४७१५, म्हणजे ११७४ कॉल. पण लॉट ५०० चा आहे. एक तर १००० घ्या, नाही तर १५००.

इथे क्रम चुकवू नका. आधी गॅमा, मग डेल्टा. कारण विकत घेतलेला कॉल स्वतःचा डेल्टा घेऊन येतो. शेअर आधी मोजून ठेवले आणि कॉल नंतर घेतले तर ते शेअर चुकीचे ठरतात. उलट शेअर शेवटी घेतले तर गॅमाला धक्का लागत नाही.

१००० कॉल घेतले तर गॅमा उणे ५.५४ अधिक ४.७२, म्हणजे उणे ०.८ राहिला. डेल्टा उणे ५४१.७ अधिक २८२.३, म्हणजे उणे २५९. म्हणून शेअर २५९. आधीचे ५४२ घेऊन ठेवले असतील तर त्यातले २८३ विकायचे. हे विकायचं विसरणं ही मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेली चूक आहे. माणूस जास्तीचं संरक्षण घेतो आणि त्याच वेळी नकळत २८३ शेअर लाँग होऊन बसतो. ओळखायचं कसं? गॅमा भागवल्यावर भाव थोडा हलला तर पोझिशनचा नफा-तोटा जवळपास हलायला नको. तो एकाच दिशेने, भावाबरोबर सरळ रेषेत हलत असेल तर शेअरचा आकडा चुकलाय.

१५०० कॉल घेतले तर गॅमा अधिक १.५ होतो आणि शेअर ११८ लागतात. पण मग रोजचा क्षय तुमच्या विरुद्ध जातो, दिवसाला सुमारे १३० रुपये. तुमचा मूळ हेतू प्रीमियमचा क्षय कमावण्याचा होता, तेव्हा मी दोन लॉटच घेईन आणि उरलेला थोडा शॉर्ट गॅमा सांभाळीन.

त्याच तीन सकाळी या नव्या पोझिशनवर, म्हणजे १००० कॉल शॉर्ट, १०५० चे १००० कॉल लाँग आणि २५९ शेअर, चालवून बघू. १०४० ला तोटा साधारण २२०. ९६० ला तोटा ८८०. आधी ३,६५० आणि ४,००० होते. भाव जागेवर राहिला तर व्याज जाऊन ७० रुपयांच्या आसपास मिळतात. आधी ४८० मिळत होते. गॅमा आणि क्षय ही एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत. एक कमी केलं की दुसरंही त्याच प्रमाणात कमी होतं. गॅमा शून्य आणि क्षय पूर्ण अशी पोझिशन कोणी विकत असेल तर त्यात दुसरीकडे कुठेतरी जोखीम दडलेली आहे, बहुतेक वेळा आयव्हीत.

पण नोकरी करणाऱ्या माणसासाठी या गॅमा हेजचा खरा उपयोग मला वेगळाच वाटतो. शेअरचा आकडा जागेवर राहतो. एकट्या शॉर्ट कॉलला ९६०, १००० आणि १०४० या भावांना अनुक्रमे ३१७, ५४२ आणि ७४५ शेअर लागतात. १०५० चे दोन लॉट घेतल्यावर त्याच भावांना १९६, २५९ आणि २५८ लागतात. तुम्ही सकाळी कॅबमध्ये, दुपारी मीटिंगमध्ये. बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे नेमका तुमच्या कामाच्या वेळेत. पहिल्या पोझिशनला दिवसातून दोनदा हात लावावा लागू शकतो. दुसरीला संध्याकाळी एकदा बघितलंत तरी चालेल.

मोठ्या गॅपमध्येही फरक पडतो, पण दोन्ही बाजूंना सारखा नाही. १०० रुपये वर गॅप आला तर ही पोझिशन उलट २,८०० च्या आसपास फायद्यात जाते, कारण १०५० च्या वर घेतलेले कॉल विकलेल्या कॉलच्या तोडीस तोड चालतात आणि २५९ शेअर वरकड उरतात. १०० रुपये खाली आला तर मात्र सुमारे ८,८५० जातात. विकलेल्या कॉलमधून मिळण्यासारखं होतं ते संपतं आणि शेअर पडतच राहतात. तुम्हाला वरच्या गॅपपेक्षा खालच्या गॅपची जास्त भीती असेल तर १०५० च्या कॉलऐवजी ९५० च्या आसपासचा पुट घेऊन गॅमा भागवा. पद्धत तीच: पुटचा गॅमा काढा, लॉट ठरवा आणि मग शेअर पुन्हा मोजा. पुटचा डेल्टा उणे असल्यामुळे तेव्हा शेअर ५४२ पेक्षा कमी नाही, जास्त लागतील.

आता या हेजची मर्यादा. गॅमा हेज आजच्या भावाला आणि आजच्या तारखेला खरं असतं. दिवस सरले की दोन स्ट्राइकचे गॅमा वेगवेगळ्या वाटेने जातात. समजा २७ दिवस गेले आणि भाव अजून १००० च आहे. एक्सपायरीला ३ दिवस. १००० च्या कॉलचा गॅमा तुमच्या १००० कॉलवर १७.६ झालेला असतो. १०५० चा कॉल जवळजवळ मेलाय, त्याचा गॅमा फक्त १.९. म्हणजे निव्वळ उणे १५.७. महिन्याच्या सुरुवातीला एकट्या शॉर्ट कॉलचा जो गॅमा होता त्याच्या जवळपास तिप्पट, आणि हे सगळं ‘गॅमा हेज्ड’ असं नाव दिलेल्या पोझिशनमध्ये. कोणी काही केलं नाही, नुसते दिवस गेले. त्या दिवशी ९८०, १००० आणि १०२० या भावांना विकलेल्या कॉलसाठी १९५, ५१३ आणि ८१८ शेअर हवेत. दोन टक्के हालचालीला तीनशे शेअर. हे नोकरी सांभाळून करता येत नाही, आणि पूर्ण वेळ बसूनही फारसं फायद्याचं ठरत नाही.

म्हणून दोन आकडे रोज लिहून ठेवा: निव्वळ गॅमा आणि शेअरची हवी ती संख्या. निव्वळ गॅमा सुरुवातीच्या दुप्पट झाला की काहीतरी करायची वेळ आली. एक तर विकलेले कॉल परत घ्या, किंवा जवळच्या स्ट्राइकचा ऑप्शन घेऊन गॅमा पुन्हा भागवा. पुढच्या महिन्याचा ऑप्शन घेऊन भागवणं पुस्तकात छान दिसतं, पण आपल्याकडे बहुतेक शेअरच्या पुढच्या महिन्याच्या ऑप्शनमध्ये व्यवहार विरळ असतात. खरेदी आणि विक्रीच्या भावात इतकं अंतर असतं की हेजची किंमतच हेजपेक्षा जास्त होते. ऑर्डर टाकायच्या आधी दोन्ही भावांतलं अंतर गुणिले लॉट करून बघा.

शेअर किती वेळाने जुळवायचे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण तो लगेच येणारच आहे. मी घड्याळ लावून हेज करत नाही, पट्टा लावून करते. दिवसाच्या बरोबरीची हालचाल १३ रुपये, गॅमा ५.५, म्हणजे ७० शेअर. हातातले शेअर आणि हवे असलेले शेअर यांत ७० पेक्षा जास्त फरक पडला की जुळवायचं, त्याच्या आत सोडून द्यायचं. फोनवर ९८७ आणि १०१३ ला अलर्ट लावून ठेवा, बस. १० शेअरसाठी ऑर्डर टाकत बसलात तर क्षयातून आलेले पैसे एसटीटी आणि ब्रोकरेजमध्ये जातील. ३० शेअर कमी असताना रात्री झोप येत नसेल तर पोझिशन मोठी आहे, पट्टा नाही.

एका गोष्टीकडे बघायला विसरू नका, आणि ती ना शेअरने भागते ना या सगळ्या गणितात दिसते. ती म्हणजे आयव्ही. तुमच्या १००० कॉलवर आयव्ही एक टक्क्याने वाढली, २५ ची २६ झाली, की भाव न हलता साधारण १,१४० रुपये तोटा दिसतो. तिमाही निकालाच्या आधी आयव्ही चढते आणि निकाल लागला की उतरते. महिन्यात निकालाची तारीख येत असेल तर नुसतं डेल्टा हेज करून बसू नका. रोज संध्याकाळी नफा-तोट्याचे तुकडे करा: शेअरच्या फरकातून किती, गॅमाच्या सूत्रातून किती, क्षयातून किती. बेरीज आणि खात्यातला आकडा यांत मोठी तफावत राहिली तर ती जवळपास नेहमी आयव्हीची असते. तशी ती नसेल तर तुम्ही लॉट किंवा दिवस चुकीचे घातलेत.

शेवटचं, एक्सपायरीचं. ऑक्टोबर २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या शेअरच्या फ्युचर आणि ऑप्शनचा निपटारा प्रत्यक्ष शेअर देऊन होतो. १००० चा कॉल इन द मनी राहिला तर तुम्हाला १००० शेअर द्यावे लागतील. हेजमध्ये तुमच्याकडे त्या वेळी ७०० असतील, तर उरलेले ३०० कुठून तरी आणावे लागतील, आणि देता आले नाहीत तर लिलावातला भाव तुमच्या माथी बसतो. कॉल आउट ऑफ द मनी गेला तर उलट अडचण: हातात दोन-तीनशे शेअर उरतात ज्यांचं आता काहीच काम नाही, आणि ते विकायची आठवण सोमवारी होते. घेतलेले १०५० चे कॉलही इन द मनी असतील तर त्यातून शेअर येतात आणि विकलेल्या कॉलचं देणं त्यातून वळतं होतं, पण भाव १००० आणि १०५० च्या मध्ये अडकला तर तसं होत नाही, तुमचं देणं पूर्ण १००० चं राहतं. एक्सपायरी जवळ आली की मार्जिनही वाढतं, तेव्हा ब्रोकरकडे ते किती आणि कोणत्या दिवसापासून लागतं हे आधीच विचारून ठेवा. तुमच्या जागी मी असते तर भाव स्ट्राइकच्या दोन-तीन टक्क्यांत असेल तर शेवटच्या आठवड्याच्या सुरुवातीलाच विकलेले दोन्ही लॉट परत घेतले असते, आणि त्याच पाच मिनिटांत शेअर आणि १०५० चे कॉलही विकून टाकले असते.